ओपनला डेटा नाही असा अलर्ट आला, आधी काय बघायचं? ऑन-कॉलवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

हे पान ज्याच्याकडे पेजर आहे त्याच्यासाठी आहे. उदाहरणं न्यूयॉर्कच्या मार्केटची घेतली आहेत, म्हणजे ओपन सकाळी ९:३० ला, आणि आपलं रूटीन ९:३१:१० ला उठून बघतं की यादीतल्या प्रत्येक सिम्बॉलचा पहिल्या मिनिटाचा बार टेबलमध्ये आलाय का. दुसऱ्या कुठल्या मार्केटवर असाल तर वेळा बदला, क्रम तोच ठेवा.

अलर्टमध्ये "मिसिंग" लिहिलंय म्हणजे नक्की काय झालं?

एवढंच झालं की रूटीनने ज्या क्षणी विचारलं त्या क्षणी त्याला ती ओळ सापडली नाही. बस. फीड पडलंय, डेटाबेस अडकलाय, एक्स्चेंज बंद आहे, सिम्बॉल बदललाय, की आपणच चुकीच्या वेळी विचारलं, यातलं काहीही असू शकतं आणि अलर्टचा मेसेज सगळ्यांना सारखाच येतो. बरेच जण मेसेज वाचल्या वाचल्या व्हेंडरला फोन लावतात, आणि व्हेंडर विचारतो की कुठले सिम्बॉल आणि कितीपासून, तेव्हा सांगायला काही नसतं. आधी ते दोन प्रश्न स्वतःला विचारा.

कारण शोधायच्या आधी काही थांबवायचं असतं का?

हो, आणि हे खरं तर पहिलं पाऊल आहे. या बारवर कोण चालतं ते बघा. सिग्नल, रिस्क, कोटिंग, जे काही खाली आहे त्याला गायब सिम्बॉलपुरतं होल्डवर टाका. सगळं बंद करायची गरज सहसा नसते, पाचशेतले चाळीस नसतील तर चारशेसाठ चालू दे. पण त्या चाळीसवर कोड आपोआप शून्य धरतोय, की कालची किंमत धरतोय, की खरंच थांबतोय, हे ठाऊक नसेल तर थांबवलेलं बरं. यात एक मिनिट जातं. कारण शोधायला वीस मिनिटं लागली तरी मग कुणाचं नुकसान होत नाही.

मग पहिला चेक कुठला?

किती गायब आहेत आणि त्यांच्यात सारखं काय आहे. लॉग नंतर. सगळे गायब असतील तर गोष्ट वेगळी, एकदोन असतील तर वेगळी, आणि मधलाच आकडा असेल तर तिसरीच. ही क्वेरी हाताशी ठेवा, तारीख तेवढी बदला:

```sql
SELECT left(e.symbol, 1) AS letter, count(*) AS missing
FROM expected e
LEFT JOIN bars_1m b
  ON b.symbol = e.symbol
 AND b.ts = '2026-03-10 09:30 America/New_York'::timestamptz
WHERE b.symbol IS NULL
GROUP BY 1 ORDER BY 1;
```

पहिल्या अक्षराने का मोजायचं? कारण बऱ्याच मोठ्या फीडमध्ये सिम्बॉल अक्षरांच्या पट्ट्यांनुसार वेगवेगळ्या चॅनलवर वाटलेले असतात. एक चॅनल गेलं की यादीत सलग अक्षरांचं भोक दिसतं. तुमच्या फीडची वाटणी दुसऱ्या कशावर असेल, म्हणजे एक्स्चेंजवर किंवा प्रॉडक्टवर, तर त्यावर ग्रुप करा.

सगळेच्या सगळे गायब आहेत, फीड मेलं ना?

असेलही, पण आधी घड्याळ बघा, कारण शंभर टक्के गायब असताना बऱ्याचदा फीड ठणठणीत असतं आणि आपणच तासभर आधी विचारलेलं असतं.

न्यूयॉर्कचं ९:३० म्हणजे उन्हाळी वेळेत १३:३० यूटीसी आणि हिवाळ्यात १४:३० यूटीसी. तिकडे घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. आता कुणीतरी क्रॉनमध्ये १३:३१ यूटीसी असं पक्कं लिहून ठेवलं असेल, तर १ नोव्हेंबर २०२६ च्या रविवारनंतर येणाऱ्या सोमवारी ते रूटीन न्यूयॉर्कच्या ८:३१ ला उठणार, मार्केट उघडायला एक तास बाकी असणार, आणि पाचशेपैकी पाचशे मिसिंग असा अलर्ट येणार. हिवाळ्यात १४:३१ असं पक्कं लिहिलं असेल तर मार्चमध्ये उलटं होतं, रूटीन तासभर उशिरा चालतं, सगळं हिरवं दिसतं, आणि हे जास्त वाईट कारण ओपनला खरंच काही गेलं असेल तर तासाने कळतं. युरोपची घड्याळं वेगळ्या रविवारी बदलतात, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या, त्यामुळे दोन्हीकडचा डेटा घेत असाल तर मधल्या आठवड्यांत आणखी गोंधळ.

बघायची कमांड सोपी आहे:

```bash
date -u; TZ=America/New_York date
```

उपाय म्हणजे वेळ यूटीसीत न लिहिता मार्केटच्या झोनमध्ये लिहायची. सिस्टमडीच्या टायमरमध्ये झोन थेट देता येतो:

```ini
OnCalendar=Mon..Fri 09:31:10 America/New_York
```

घड्याळ बरोबर असेल तर मग तारखेचं पार्टिशन बघा, आजचं पार्टिशन बनलंच नसेल तर रायटर एरर देत बसलेला असतो आणि फीडला काहीही झालेलं नसतं. त्यानंतर लॉगिन किंवा टोकन एक्स्पायर झालंय का. आणि मग फीड.

आज सुट्टी असेल तर रूटीनला कळायला नको का?

कळतं, पण त्याच्या कॅलेंडरमध्ये असेल तेवढंच. ९ जानेवारी २०२५ चं उदाहरण लक्षात ठेवा. माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्यासाठी राष्ट्रीय शोकदिन जाहीर झाला आणि अमेरिकेचं शेअर मार्केट त्या गुरुवारी बंद राहिलं. वर्षाच्या छापील यादीत तो दिवस नव्हता, असणं शक्यच नव्हतं, काही दिवस आधी ठरलं. ज्यांचं कॅलेंडर लायब्ररीच्या जुन्या व्हर्जनमध्ये गोठलेलं होतं त्यांच्या रूटीनच्या दृष्टीने तो साधा कामाचा दिवस. म्हणून सगळे गायब असतील तर एक्स्चेंजच्या स्वतःच्या नोटिसांचं पान उघडून डोळ्यांनी बघा, आपल्या टेबलला विचारू नका, ते टेबलच संशयित आहे. अर्ध्या दिवसांचा इथे प्रश्न नाही, त्या दिवशी बंद लवकर होतं, उघडतं वेळेवरच.

फक्त दोन-तीन सिम्बॉल नाहीत. सोडून देऊ?

सोडू नका, पण घाबरायचंही कारण नाही, इथे बहुतेक वेळा खरी गोष्ट मार्केटमध्येच घडलेली असते. क्रमाने हे बघा.

हॉल्ट आहे का. एक्स्चेंज हॉल्टची यादी कोडसकट देतं, `T1` म्हणजे बातमी यायची आहे म्हणून थांबवलंय, `LUDP` म्हणजे किंमत फार हलल्यामुळे पॉज. आदल्या दिवशीपासूनचा हॉल्ट ओपनलाही चालू असू शकतो.

आज नवा लिस्ट होतोय का. आयपीओच्या दिवशी तो शेअर ९:३० ला उघडतच नाही, त्याचा ऑक्शन नंतर होतो, कधी दुपारही होते. यादीत कुणी उत्साहाने आधीच टाकला असेल तर मिसिंग येणारच.

नाव बदललं का. ९ जून २०२२ ला `FB` चा `META` झाला. त्या सकाळी ज्यांच्या यादीत जुनं नाव राहिलं त्यांच्यासाठी एवढी मोठी कंपनी अचानक गायब. अशा वेळी दुसरी खूण म्हणजे फीडमध्ये एक सिम्बॉल येतोय जो आपल्या यादीत नाही, तर ती उलटी क्वेरीही मारून बघा, म्हणजे आलेले पण अपेक्षित नसलेले.

आणि चौथं, ट्रेड झालाच नसेल. त्याच्यासाठी पुढचा प्रश्न.

ट्रेड झालाच नाही आणि झाला पण आपल्याला मिळाला नाही, यातला फरक कसा ओळखायचा?

कोट बघा. बार ट्रेडमधून बनतो. पहिल्या मिनिटात एकही सौदा झाला नाही तर बार बनत नाही, आणि बार नाही म्हणजे आपलं रूटीन ओरडतं. कमी चालणाऱ्या शेअरमध्ये हे रोजचं आहे. पण बिड आणि आस्क तरीही येत असतात. तर त्या सिम्बॉलचा शेवटचा कोट किती जुना आहे ते काढा. कोट आत्ता सेकंदापूर्वीचा असेल तर वाट मोकळी आहे, नुसता सौदा नाही झालेला. कोटही ९:३० च्या आसपास गोठलेला असेल तर वाटेत काहीतरी अडलंय, किंवा हॉल्ट आहे, आणि हॉल्ट आपण वर बघितलाच.

मला विचाराल तर हा एकच चेक या अख्ख्या पानातला सगळ्यात कामाचा आहे, आणि रूटीनमध्येच घालून टाकावा असा आहे. "बार नाही, कोट ताजा" आणि "बार नाही, कोटही शिळा" हे दोन वेगळे अलर्ट हवेत. पहिल्यासाठी कुणाची झोपमोड व्हायला नको.

चाळीस-पन्नास गायब आहेत. एक केस पूर्ण दाखवा ना.

चला. समजा मंगळवार, १० मार्च २०२६, यादीत ५०० सिम्बॉल, ९:३१:१० ला अलर्ट आला की ४३ नाहीत. आधी त्या ४३ वर होल्ड टाकला, म्हणजे आपल्या बाजूचा, सिग्नलचा. मग वरची क्वेरी मारली आणि उत्तर आलं ते असं की एम, एन, ओ आणि पी सोडून कुठल्याच अक्षरात काही गायब नाही, आणि यादीशी ताडून बघितलं तर या चार अक्षरांत एकही शिल्लक नाही. इथेच निम्मं काम झालं. हॉल्ट असे अक्षरं बघून लागत नाहीत, सौदे न होणंही अक्षरं बघून होत नाही. एक चॅनल गेलंय.

मग कोट बघितले. बाकी सगळ्यांचे ताजे, या ४३ चे ९:३०:०० नंतर अर्ध्या सेकंदात थांबलेले. ९:२९ ला मात्र सगळं ठीक होतं. म्हणजे केबल किंवा लॉगिनची गोष्ट नाही, ती असती तर प्री-ओपनपासूनच शांतता असती. ओपनच्या क्षणी गेलं म्हणजे बहुतेक लोंढा झेपला नाही. ९:३० ला मेसेजची संख्या एकदम उसळते आणि फीड यूडीपी मल्टिकास्टवर येतं, यूडीपीला पुन्हा पाठव असं सांगायची सोयच नाही. सॉकेटचा बफर भरला की कर्नल पुढची पॅकेटं गुपचूप टाकून देतो.

त्या चॅनलच्या हँडलरच्या लॉगमध्ये सीक्वेन्स नंबरची उडी दिसली, आणि त्यानंतर रिकव्हरीची विनंती, आणि ती टाइमआउट. आपला हँडलर गॅप दिसल्यावर चुकीचं चित्र पुढे पाठवण्यापेक्षा गप्प बसतो, म्हणून कोट थांबले. हे वागणं बरोबरच आहे. मग होस्टवर:

```bash
nstat -az UdpRcvbufErrors
sysctl net.core.rmem_max
```

पहिला आकडा हजारांत आणि पुन्हा चालवला की वाढतोय. दुसरा निघाला २१२९९२, म्हणजे लिनक्सचा कित्येक वर्षांचा जुना डिफॉल्ट, दोनशे किलोबाइटच्या आसपास. हँडलर ३२ मेगाबाइटचा बफर मागतो, पण कर्नल ही मर्यादा ओलांडू देत नाही आणि एररही देत नाही, मुकाट्याने कमी देतो. बदलांची नोंद बघितली तर या चॅनलचा हँडलर शनिवारी नव्या होस्टवर हलवलेला, आणि जुन्या होस्टवरची ती सेटिंग नव्यावर गेलीच नाही. मग सोमवारी का नाही पडलं? कारण सोमवारची सकाळ तुलनेने शांत गेली, तो एरर काउंटर सोमवारीही थोडा हलला होता, कुणी बघितला नाही इतकंच.

इथे कुणीतरी विचारतंच की फीडच्या ए आणि बी अशा दोन लाइन असतात ना, मग बी ने का नाही वाचवलं. दोन लाइन नेटवर्कवर हरवलेल्या पॅकेटसाठी असतात. इथे दोन्ही लाइन त्याच होस्टवर, त्याच प्रोसेसला येतात, दोघींचे बफर तेवढेच छोटे, लोंढा एकाच क्षणी, तर दोन्हीकडून जवळपास तीच पॅकेटं पडली.

दुरुस्ती:

```bash
sysctl -w net.core.rmem_max=33554432
```

आणि मग फक्त त्या एका हँडलरचा रीस्टार्ट, कारण बफरचा आकार सॉकेट उघडताना ठरतो, चालू सॉकेटला नवी मर्यादा लागत नाही. रीस्टार्टनंतर हँडलर स्नॅपशॉट घेऊन पुढचं चालू करतो. कोट ताजे झाले, नवे बार बनू लागले. ही कमांड रीबूटनंतर टिकत नाही, तेव्हा `/etc/sysctl.d` मध्ये फाइल टाका, नाहीतर पुढच्या पॅचिंगनंतर हीच गोष्ट परत. आणि ओपनच्या वेळी सगळे हँडलर एकदम रीस्टार्ट करू नका, चालू असलेले ४५७ पण घालवाल.

अलर्ट आल्या आल्या रूटीन रीरन केलं तर?

एकदा चालेल, तीस सेकंदांनी, आणि आधीचं आउटपुट सेव्ह करून. ९:३० चा बार ९:३१:०० ला पूर्ण होतो, मग तो लिहिला जातो, आणि रायटर थोडा मागे असेल तर दहा सेकंद कमी पडतात. रीरनमध्ये ४३ चे ३ झाले तर तो उशीर होता. ४३ चे ४३ च राहिले तर परत परत मारून काही मिळणार नाही. रीरन जर जुना निकाल ओव्हरराइट करत असेल तर मात्र हात लावू नका, ओपनच्या क्षणी काय गायब होतं ती यादीच पुसली जाते आणि नंतर कुठल्या चॅनलचं होतं ते शोधणं अवघड होतं.

तोपर्यंत कालचा क्लोज भरून चालवू का? लोक मागे लागतात.

नाही. बार रिकामा असेल तर खालच्या कोडला निदान कळतं की नाहीये. कालचा क्लोज भरला की तो खरा दिसतो, आणि रात्रीतून आठ टक्के पडलेला शेअर सिग्नलला जागच्या जागी उभा दिसतो. त्यातून स्प्लिटचा दिवस असेल तर बघायलाच नको, दोनास एकच्या स्प्लिटला किंमत निम्मी होते आणि तुम्ही जुनी दुप्पट किंमत भरून बसलेले. भरायचंच असेल तर वेगळ्या कॉलममध्ये, "अंदाज" असा झेंडा लावून, आणि वापरणाऱ्या टीमने लेखी हो म्हटल्यावर.

चूक एक्स्चेंजचीच असं कधी होतं का?

होतं, क्वचित. २४ जानेवारी २०२३ ला न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवर २५० पेक्षा जास्त शेअर्सचा ओपनिंग ऑक्शन झालाच नाही, सिस्टमला वाटलं ऑक्शन होऊन गेलाय आणि सरळ ट्रेडिंग सुरू झालं. किमती वेड्यावाकड्या उड्या मारायला लागल्या, हॉल्ट लागले, नंतर काही सौदे रद्द झाले. कारण म्हणून एक्स्चेंजने डिझास्टर रिकव्हरीच्या कॉन्फिगरेशनमधली माणसाच्या हातची चूक सांगितली.

आपल्या दृष्टीने गंमत अशी की अशा दिवशी बार मिसिंग येतीलच असं नाही. सौदे होतायत म्हणजे बार आहे, फक्त अधिकृत ओपनिंग प्राइस नाही. म्हणून ज्यांचं काम अधिकृत ओपनवर चालतं त्यांनी पहिल्या बारच्या ओपनवर विसंबू नये, ते दोन वेगळे आकडे आहेत. साध्या दिवशीही न्यूयॉर्कला लिस्ट झालेला शेअर तिथे ऑक्शनमध्ये उघडायच्या आधी दुसऱ्या एक्स्चेंजवर चालू झालेला असू शकतो, आणि एकत्रित फीडमध्ये पहिला सौदा तिकडचा येतो.

एक्स्चेंजचा संशय कधी घ्यायचा? गायब सिम्बॉल एकाच लिस्टिंग एक्स्चेंजचे असतील, आपल्या चॅनलच्या पट्ट्यांशी जुळत नसतील, आणि दुसऱ्या, स्वतंत्र सोर्सवरही तेच दिसत असेल तर. तिन्ही असतील तर त्यांचं स्टेटस पान बघा आणि थांबा, आपल्याकडे करण्यासारखं काही नाही.

बॅकफिल केलं, आता होल्ड काढू?

बार मोजून समाधान मानू नका. वरच्या केसमध्ये ९:३० पासून रीस्टार्टपर्यंतचे सगळे बार लागतात, आणि पहिला आणि शेवटचा बार अर्धवट असतात. ९:३० चा बार कधीकधी टेबलमध्ये असतोही, फक्त पहिल्या अर्ध्या सेकंदाच्या सौद्यांचा, आणि असला बार गायब बारपेक्षा जास्त त्रास देतो कारण चेक त्याला पास करतो. म्हणून त्या पूर्ण खिडकीतले बार व्हेंडरच्या हिस्ट्रीमधून नव्याने घ्या, मधली भोकं तेवढी बुजवू नका. मग चार-पाच सिम्बॉलचं व्हॉल्यूम दुसऱ्या सोर्सशी ताडून बघा. जुळलं की होल्ड काढा, आणि सोर्स कॉलममध्ये बॅकफिल असं लिहून ठेवा म्हणजे महिन्याभराने बॅकटेस्ट करणाऱ्याला कळेल.

हा अलर्ट रोजच दोन-तीन सिम्बॉलसाठी वाजतो, थ्रेशोल्ड पाच टक्के करू का?

पाचशेचे पाच टक्के म्हणजे पंचवीस. चॅनल छोटं असेल तर अख्खं जाईल आणि अलर्ट येणार नाही. त्यापेक्षा चॅनलनुसार मोजा, एका चॅनलमधले निम्म्याहून जास्त नाहीत तर लगेच पेज, विखुरलेले दोन-तीन असतील आणि कोट ताजे असतील तर नुसती चॅटवर नोंद. रोज वाजणारे तेच ते सिम्बॉल असतील तर त्यांची अपेक्षा पहिल्या मिनिटाऐवजी पहिल्या अर्ध्या तासावर ठेवा.

किती वेळाने दुसऱ्याला उठवायचं?

होल्ड लागत नसेल तर लगेच, पहिल्या मिनिटाला, कारण मग पैसा जाऊ शकतो. होल्ड लागलाय आणि कुठली पट्टी गेली ते कळलंय, तर दहा मिनिटं स्वतः बघा, मग फीडच्या टीमला. व्हेंडरला फोन करताना चार गोष्टी समोर ठेवा: चॅनल, शेवटचा बरोबर सीक्वेन्स नंबर, गॅपनंतरचा पहिला नंबर, आणि वेळ यूटीसीत. एवढं सांगितलं की ते त्यांच्याकडून पॅकेट गेलं का ते दोन मिनिटांत बघतात, नाहीतर तिकीट उघडून बसावं लागतं.